टॉपरचं तीन मिनिटांचं भाषण आणि वर्गाच्या आठवणी: पदवी प्रदान समारंभाच्या व्हिडिओची स्क्रिप्ट कशी लिहायची

आमची बॅच सिव्हिल इंजिनिअरिंगची, ६१ जणांची, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजची. पदवी प्रदान समारंभात दाखवायच्या व्हिडिओची स्क्रिप्ट माझ्याकडे आली. विभागप्रमुखांची अट एकच होती: टॉपरचं भाषण त्यातच बसवा, स्टेजवर वेगळा वेळ मिळणार नाही. सुरुवातीला मी भाषण एकीकडे आणि फोटोंचा स्लाइड शो दुसरीकडे असं करून पाहिलं. भाषण चालू असताना वर्गातली मुलं कंटाळली आणि फोटो चालू असताना बाहेरच्यांना काही कळेना. मग सगळं मोडून पुन्हा लिहिलं. दुसऱ्या वेळी जे जमलं, ते पायरीपायरीने इथे लिहितोय. उदाहरणं सिव्हिलची आहेत, पण तुमची शाखा कुठलीही असली तरी तिथे तुमची लॅब आणि तुमचा कॅम्प घालून वाचा.

लागणाऱ्या गोष्टी

- वर्गाची पूर्ण हजेरी यादी, चारही वर्षांची. ही कशासाठी ते पाचव्या पायरीत येईल.
- बरा कॅमेरा असलेला फोन, ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक. माइक मिळाला तर कॅमेऱ्याची काळजी निम्मी कमी करा, कारण हॉलमध्ये लोक धूसर चित्र सहन करतात, न ऐकू येणारा आवाज करत नाहीत.
- स्टॉपवॉच.
- विभागप्रमुखांची परवानगी आणि ज्यांच्या आठवणी वापरणार त्यांचा होकार, दोन्ही लेखी. व्हॉट्सॲपवरचा मेसेज चालतो.
- ज्या हॉलमध्ये व्हिडिओ लागणार तिथला प्रोजेक्टर एकदा आधी बघायला मिळणं.

१. आधी तारीख बघा, मग वेळ ठरवा

निरोप समारंभ आणि पदवी प्रदान समारंभ यांत बरेचजण गल्लत करतात. निरोपाला सगळे कॅम्पसवरच असतात आणि समोर फक्त आपलीच पोरं. पदवी प्रदान निकालानंतर काही महिन्यांनी होतं. तोवर कोणी पुण्यात साइटवर, कोणी घरी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, कोणी गेटची तयारी करत दिल्लीला. त्यामुळे कॅम्पसवर जे काही शूट करायचं आहे ते शेवटच्या ओरलनंतरच्या आठवड्यातच उरका. लॅब, पायऱ्या, कॅन्टीन, रिकामा वर्ग हे सगळं तेव्हाच मिळतं. आवाज मात्र नंतरही फोनवर मागवता येतात.

दुसरा फरक समोर बसणाऱ्यांचा. पदवी प्रदानाला आई-वडील येतात. माझ्या मित्राचे वडील पहाटेच्या एसटीने आले होते आणि मुलाचं कॉलेज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ‘जीटी’ म्हणजे काचेवर ठेवून दुसऱ्याची शीट गिरवणं आणि ‘टीडब्ल्यू’ म्हणजे सत्रभराचं टर्म वर्क, हे त्यांना माहीत नसतं. स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ त्यांनाही कळली पाहिजे, ही कसोटी पहिल्यापासून लावा.

एकूण लांबी ८ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. त्यात भाषण ३ मिनिटं, आठवणी ४ मिनिटं, आणि सुरुवात व शेवट मिळून १ मिनिट. टॉपरला घड्याळ लावून एक पान सावकाश वाचायला सांगा. आमच्या टॉपरचा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द निघाला, म्हणजे ३ मिनिटांना ३३० शब्द. हा आकडा भाषण लिहायच्या आधी तिला सांगा. लिहून झाल्यावर कापायला सांगितलं की फार जीवावर येतं.

२. आठवणी मागताना प्रश्न विचारा

ग्रुपवर ‘आपापल्या आठवणी पाठवा’ असा मेसेज टाकला की काय येतं ते मी पाहिलंय. ‘खूप मजा केली’, ‘दोस्त मिळाले’, आणि तेच पाच सेल्फी. दोष मुलांचा नसतो, प्रश्नच इतका मोठा असतो की उत्तर सुचत नाही. मी नंतर हे चार प्रश्न पाठवले आणि उत्तर व्हॉइस नोटमध्ये मागितलं:

- लॅबमध्ये तुझ्या हातून काय फुटलं, सांडलं किंवा बिघडलं?
- सबमिशनच्या आदल्या रात्री तू नेमका कुठे बसला होतास?
- सर्व्हे कॅम्पमधली एक गोष्ट सांग, जी घरी सांगितली नाहीस.
- कॉलेजमधला असा कोणता आवाज आहे, जो आता ऐकू येत नाही?

शेवटच्या प्रश्नाने सगळ्यात जास्त दिलं. एकाने सांगितलं, चाळण्यांच्या यंत्राची खडखड. दुसऱ्याने सांगितलं, काँक्रीटचा क्यूब मशिनमध्ये फुटतो तो ‘खट्ट’ आवाज. तिसऱ्या मुलीने सांगितलं, संध्याकाळी लॅबच्या मामांच्या किल्ल्यांचा जुडगा. तिन्ही आवाज आम्ही जाऊन रेकॉर्ड केले आणि व्हिडिओची पहिली ४० सेकंदं त्यांवरच उभी राहिली. पडदा काळा, फक्त किल्ल्या, मग खडखड, मग ‘खट्ट’. हॉलमधली आमची मुलं चित्र यायच्या आतच ओरडायला लागली होती.

फोटो मागवताना एक सूचना ठळक लिहा: व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट दिसतात. आलेल्या प्रत्येक फाइलला लगेच नाव द्या, नाहीतर शेवटच्या रात्री `IMG` ने सुरू होणाऱ्या शेकडो फाइल्स उघडत बसाल. मी असं नाव देत होतो:

```
S2_camp_staff_photo_03.jpg
S2_camp_mitra_voice_01.m4a
```

पहिलं अक्षर प्रसंगाचा क्रमांक, मग जागा, मग काय आहे ते.

३. टॉपरचं भाषण लिहून घेऊ नका, बोलतं करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. टॉपरला ‘भाषण लिहून आण’ म्हटलं की ती भाषणासारखंच भाषण आणते. आमच्या टॉपरने आणलेल्या पहिल्या कागदाची सुरुवात अशी होती: ‘आदरणीय प्राचार्य, विभागप्रमुख, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, आजचा दिवस आपल्या सर्वांच्या आयुष्यातील सोनेरी दिवस आहे.’ पुढे दीड पान आभार. त्यात तिचं असं एकही वाक्य नव्हतं, हे तिलाही वाचल्यावर जाणवलं.

मग आम्ही वसतिगृहाच्या पायऱ्यांवर पाऊण तास बसलो. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवला आणि मी विचारत गेलो. ‘तू पहिल्या बाकावर का बसायचीस?’ उत्तर आलं, ‘चष्म्याचा नंबर वाढला होता, घरी सांगितलं नव्हतं.’ ‘कधी वाटलं की सोडून द्यावं?’ ‘चार वर्षांत सगळ्यात जास्त लाज कधी वाटली?’ या शेवटच्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने धोमची गोष्ट सांगितली. आमचं भाषण तिथे सापडलं.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं उदाहरण तिच्यावरच आहे. आमचा सर्व्हे कॅम्प वाईजवळ धोम धरणाच्या परिसरात होता. लेव्हलिंगमध्ये, म्हणजे जमिनीची उंची मोजताना, ज्या बेंचमार्कपासून सुरुवात करतो तिथेच परत येऊन शेवट करायचा असतो. आकडेमोड केल्यावर सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळली पाहिजे, कारण बिंदू एकच आहे. आमच्या गटाचा फरक आला २० सेंटिमीटर. सर्व्हेच्या भाषेत हा क्लोजिंग एरर, आणि इतका म्हणजे सगळं काम पुन्हा. कारण नंतर कळलं. स्टाफ म्हणजे ती लांब मोजपट्टी, एकात एक सरकणारी. चढ चढताना ती नीट होती, पण उतरताना वरचा भाग पूर्ण ओढून लॉक झालाच नव्हता, ५ सेंटिमीटर खाली राहिला होता. अशी चार रीडिंग झाली. चार पाच वीस. आणि स्टाफ टॉपरच्या हातात होता.

आभारांचं काय, असं विभागप्रमुख विचारतीलच. आम्ही आभार भाषणातून काढले आणि शेवटी नामावलीत लिहून दाखवले. भाषणात फक्त एकच व्यक्ती ठेवली, लॅबचे मामा, कारण त्यांच्याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखी घटना होती. आणि गुण, टक्के, पॉइंटर यातलं काहीही भाषणात नको. सूत्रसंचालक ते आधीच सांगतो.

४. भाषणाचे चार तुकडे करा आणि जोड लावा

आता स्क्रिप्ट. कागद मधोमध दुमडून दोन रकाने करा, डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. भाषणाचे चार तुकडे पाडा, प्रत्येकी ४० ते ५० सेकंदांचे, आणि मधल्या तीन जागांत आठवणी बसवा.

जोड कुठे लावायचा, यात सगळी गंमत आहे. मी आधी चूक केली होती ती अशी: टॉपर म्हणते ‘कॅम्पला खूप शिकलो’ आणि खाली कॅम्पचे फोटो. म्हणजे तेच दोनदा. टॉपरला जेवढं माहीत आहे तिथे तिला थांबवायचं आणि पुढचं दुसऱ्याने सांगायचं, हे नंतर सुचलं. आठवणीने भाषणाला पुढे न्यायला हवं. म्हणून धोमची गोष्ट तिने सांगितल्यावर मी गटातल्या बाकी पाच जणांना एकेकटं गाठून विचारलं. तिला चार वर्षांत न कळलेली एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. लिहिलेला प्रसंग असा:

> प्रसंग २: धोम (१ मिनिट ३५ सेकंद)
>
> चित्र: टॉपर, जवळून. मागे ड्रॉइंग हॉलची खिडकी.
> आवाज (टॉपर): आकडे जुळेनात. वीस सेंटिमीटरचा फरक. सरांनी विचारलं, ‘स्टाफ कोणाकडे होता?’ कोणी काही बोललं नाही. मी हात वर केला. आणि बघते तर माझ्या गटातले सगळेच हात वर.
>
> चित्र: कॅम्पचा गटफोटो, ४ सेकंद. मग फक्त स्टाफ धरलेला हात, ३ सेकंद.
> आवाज: धरणाकाठचा वारा. बोलणं नाही.
>
> चित्र: गटातला मित्र, आजच्या साइटवर, हेल्मेट हातात.
> आवाज (मित्र): आदल्या संध्याकाळी तिच्या पायाला फोड आले होते. तिला एकटीला परत चालायला लावतील असं वाटलं. आमचं काही ठरलं नव्हतं. शेजारच्याने हात वर केला म्हणून मी केला.
>
> चित्र: लेव्हल बुकाचं पान, खोडलेले आकडे, खाली नव्याने लिहिलेले.
> आवाज (टॉपर): दुपारी सगळे परत गेलो. संध्याकाळी फरक आला तीन मिलिमीटर.

इथे तीन गोष्टी बघा. क्लोजिंग एरर हा शब्द कुठेही नाही, तरी पालकांना सगळं कळतं. वाऱ्याचे ७ सेकंद रिकामे आहेत. तिथे गाणं टाकायचा मोह झाला होता, पण मित्राचं वाक्य ऐकू यावं म्हणून त्याआधी शांतता लागते. आणि मित्राने जे सांगितलं ते टॉपरला आम्ही आधी सांगितलं नव्हतं. तिला ते तिच्या रेकॉर्डिंगनंतर दाखवलं आणि ठेवू का म्हणून विचारलं. तसं विचारलंच पाहिजे, कारण हॉलमध्ये ती पहिल्या रांगेत आईशेजारी बसलेली असणार.

बाकी दोन जोड थोडक्यात. एकात टॉपर क्यूबच्या टाकीबद्दल बोलते: ओल्या काँक्रीटवर सगळे तारीख आणि गट क्रमांक कोरायचे, मग तो साधारण ८ किलोचा ठोकळा २८ दिवस पाण्यात. तिथून पुढे मामा सांगतात की दिवाळीच्या सुट्टीत २८ वा दिवस आला तेव्हा ते स्वतः येऊन क्यूब काढून ठेवायचे. दुसरा जोड सबमिशनच्या रात्रीचा, तो सहाव्या पायरीत येतो.

५. हजेरी घ्या

स्क्रिप्टचा पहिला मसुदा झाला की वर्गाची यादी काढा आणि जो जो चेहऱ्याने किंवा आवाजाने दिसतो त्याच्यापुढे टिक करा. आमच्या ६१ पैकी ९ जण कुठेच नव्हते. मला खात्री होती की सगळे आलेत, पण नव्हते.

ते कोण होते हे बघितल्यावर कारण कळलं. सहा जण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले. आम्ही पहिल्या वर्षाचे फोटो भरपूर घेतले होते आणि त्यांत ते असणं शक्यच नव्हतं. दोन मुली रोज एसटीने अप-डाउन करायच्या, त्यामुळे संध्याकाळच्या आणि वसतिगृहाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. आणि एक मित्र, ज्याचे दोन विषय राहिलेत, ज्याला त्या दिवशी पदवी मिळणार नव्हती.

पहिल्या आठ जणांसाठी आम्ही एक छोटा प्रसंग नव्याने लिहिला: सकाळची पहिली एसटी आणि खिडकीत ठेवलेली शीटची लांब नळी. शेवटच्या मित्राला मी फोन केला. तुझा आवाज वापरू का, की नको वाटेल, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, ‘क्यूब फुटतो तो आवाज माझ्या हातचा आहे, तो ठेव.’ नामावलीत त्याचं नाव बाकीच्यांच्या बरोबर, अनुक्रमांकानेच आलं. असा मित्र प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला न विचारता घेऊही नका आणि न विचारता वगळूही नका.

६. काय काढायचं ते ठरवा

सबमिशनच्या रात्रीचा प्रसंग म्हणजे जीटी. काच, खाली बल्ब, एकाची शीट खाली आणि दुसऱ्याची वर. आमच्या वर्गाची ही सगळ्यात मोठी आठवण, आणि खाली बहुतेक वेळा टॉपरचीच शीट. पण समोर प्राचार्य आणि पालक असताना ‘आम्ही नक्कल करायचो’ असं पडद्यावर सांगायचं का? विभागप्रमुखांना आम्ही लिहिलेली पानं आधीच दाखवली. त्यांनी सुचवलं तसं बोलणं काढलं आणि चित्र ठेवलं: अंधारी खोली, खालून उजळलेली काच, भोवती पाच चेहरे. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

हे मात्र सरळ काढून टाका: शिक्षकांच्या नकला, टोपणनावं जी घरी माहीत नाहीत, आणि जोड्यांचे फोटो, मग ती जोडी टिकलेली असो वा नसो. जात, गाव, इंग्रजी यांवरून झालेल्या चेष्टा वर्गात हसून घेतलेल्या असल्या तरी त्या घेऊ नका. चित्रपटातली गाणी लावली तर यूट्यूबवर टाकताना कॉपीराइटचा दावा येऊ शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो. आमच्याकडे गाणं होतंच कुठे, वर्गातल्या एकाची बासरी होती, दोन ठिकाणी, मिळून ५० सेकंद.

७. रेकॉर्डिंग

भाषण एका बैठकीत, एकाच जागी, एकाच कपड्यात रेकॉर्ड करा. तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेतले तर आवाजाचा पोत बदलतो आणि जोड उघडा पडतो. ड्रॉइंग हॉल दिसायला सुंदर, पण रिकामा असल्याने घुमतो. आम्ही टॉपरच्या पायाशी, फ्रेमच्या बाहेर, वसतिगृहातल्या चार गाद्या पसरल्या आणि घुमणं बरंच कमी झालं. पंखे बंद करा. बोलणं संपल्यावर कोणीही न बोलता त्या खोलीचा एक मिनिट नुसता आवाज घ्या. वाक्यांमधल्या कापलेल्या जागा भरायला तो लागतो.

कागद हातात देऊ नका. चार तुकड्यांचे चार मुद्दे सांगा आणि तिला पायऱ्यांवर सांगितलं होतं तसं पुन्हा सांगायला लावा. शब्द थोडे बदलतील, बदलू द्या. ज्या ठिकाणी वाक्य जसंच्या तसं हवं, ते फक्त तुकड्याच्या शेवटचं, कारण तिथून पुढच्याचा आवाज सुरू होतो.

फोन आडवा धरा. जुने उभे फोटो पडद्यावर ताणू नका, दोन किंवा तीन शेजारी शेजारी लावा. गटफोटो असेल तर ४ सेकंदांपेक्षा कमी ठेवू नका. आईला आपला मुलगा शोधायला तेवढा वेळ लागतो.

८. नावं आणि हॉल

नावं युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी ऑफिसातून मिळाली आणि ती तशीच एडिटरमध्ये चिकटवली, तर पडद्यावर निरर्थक अक्षरं उमटतात. युनिकोड असूनही काही मोबाइल ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘र्‍य’ आधी तपासा. तुटत असतील तर नावांचं पान संगणकावर तयार करून त्याचं चित्र घाला. नंतर प्रत्येकाला त्याच्या नावाचा स्क्रीनशॉट पाठवून ‘बरोबर’ असं उत्तर घ्या. आमच्या तीन जणांची नावं ऑफिसच्या यादीतच चुकलेली निघाली.

फाइल `.mp4`, H.264, 1920×1080 अशी काढा. ती बहुतेक सगळीकडे चालते. पेन ड्राइव्ह FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, पण ८ मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या बराच खाली राहतो. आदल्या दिवशी हॉलमध्ये जाऊन, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरने पूर्ण लावून बघा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा. आमच्या वेळी मामांचं बोलणं मागे पोचत नव्हतं. त्यांचा आवाज वाढवला आणि खाली मराठीत ओळीही टाकल्या.

व्हिडिओच्या अगदी शेवटी १० सेकंद काळा पडदा जोडा. नामावली संपताच फाइल संपली तर प्लेअर बंद होऊन लॅपटॉपचा डेस्कटॉप मोठ्या पडद्यावर येतो, आणि सूत्रसंचालक माइकपर्यंत पोचायच्या आत हॉलमध्ये सगळे तेच बघत बसतात.